हार्ट एज ६८, लंग एज ६९, आणि माणूस ४६ वर्षांचा

*डॉक्टर, मी ४६ वर्षांचा आहे, अंबडला कारखान्यात सुपरवायझर. बावीस वर्षांपासून सिगारेट ओढतो, दिवसाला आठ-दहा. कंपनीच्या तपासणी शिबिरात नळीत फुंकायला लावलं आणि रिपोर्टवर लंग एज ६९ छापून आलं. घरी मुलीनं मोबाइलवर हार्ट एज काढलं, तर एका साइटवर ६८ आणि दुसरीवर ६४. तेव्हापासून बायकोचं जेवणात लक्ष नाही. ४६ चे ६८, म्हणजे माझी बावीस वर्षं खरंच गेली का? अँजिओग्राफी करून घेऊ का? सिगारेट सोडली तर हे आकडे खाली येतील का? मुलगी वीस वर्षांची आहे, तिला स्वतःचंही काढायचंय. रिपोर्ट सोबत पाठवलेत.*
*– एक वाचक, सिडको, नाशिक*

नमस्कार. रिपोर्ट दोनदा नीट वाचले. वहिनींना आधी एवढं सांगा, की ६८ आणि ६९ इतके जवळ आले हा योगायोग आहे. एकाच दुखण्यावर दोन मशीनांनी बोट ठेवलं, असा त्याचा अर्थ होत नाही. हार्ट एज काढताना तुमच्या हृदयाकडे कोणी पाहिलेलंच नाही. ते रक्ताच्या रिपोर्टवरून, बीपीवरून आणि सिगारेटच्या एका ‘हो’वरून मांडलेलं गणित आहे. लंग एजचं बरोबर उलट. तिथे तुम्ही जोरात सोडलेली हवा खरोखर मोजली, पण सिगारेट ओढता का हे त्या सूत्रानं विचारलंच नाही. इतकंच काय, तुमचं ४६ हे वयही त्यात कुठे नाही. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे वाचावे लागतात, आणि सिगारेट सोडल्यावर दोघं वागतातही वेगवेगळे.

हार्ट एजपासून सुरुवात करतो. तुमच्या मुलीनं वापरलेल्या पहिल्या साइटचं सूत्र फ्रेमिंगहॅमचं आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांची १९४८ पासून ठरावीक वर्षांनी तपासणी होत आली, आणि कोणाला पुढे काय झालं याची नोंद ठेवली गेली. त्या नोंदींवरून २००८ मध्ये एक सूत्र प्रसिद्ध झालं. त्याला सात गोष्टी लागतात: वय, पुरुष की स्त्री, एकूण कोलेस्टेरॉल, HDL म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, बीपीचा वरचा आकडा (आणि बीपीची गोळी चालू आहे का), धूम्रपान आणि मधुमेह. एवढ्यावरून पुढच्या दहा वर्षांत हृदयविकार, पक्षाघात, हार्ट फेल्युअर किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होण्याची शक्यता टक्क्यांत निघते.

पण टक्के सांगितले की माणूस मान हलवतो आणि घरी जातो. म्हणून त्याच टक्क्यांचं वय करून दाखवतात. त्यासाठी सूत्र एक आदर्श माणूस समोर उभा करतं: तुमच्याच लिंगाचा, सिगारेट नाही, मधुमेह नाही, बीपी गोळीशिवाय १२५, कोलेस्टेरॉल १८०, HDL ४५. मग प्रश्न असा, की तुमच्याइतका धोका असायला हा आदर्श माणूस किती वर्षांचा असावा लागेल? तुमचं बीपी १३८, कोलेस्टेरॉल २१४, HDL ३८, उपाशीपोटी साखर ठीक, सिगारेट चालू. हे घालून मी हातानं गणित केलं. तुमचा दहा वर्षांचा धोका १८.५ टक्के येतो. आदर्श माणूस तेवढ्या धोक्याला पोचतो तो ६८ व्या वर्षी. तुमचं हार्ट एज ६८ आहे ते एवढ्याच अर्थानं.

म्हणजे बावीस वर्षं गेली नाहीत. आयुष्यातून काही वजा करणारा हा आकडा नव्हे. तुमच्यासारखे शंभर पुरुष घेतले, तर दहा वर्षांत त्यांतल्या अठरा-एकोणीस जणांना वर लिहिलेल्यांपैकी काहीतरी होईल, बाकीच्या एक्याऐंशी जणांना होणार नाही. तुमच्याच वयाच्या शंभर आदर्श पुरुषांत हीच संख्या सहा असते. सहाच्या जागी अठरा, ही तिप्पट वाढ आहे. ती लहान नाही आणि मी ती लहान करून सांगणार नाही. पण ‘माझं हृदय ६८ वर्षांच्या म्हाताऱ्याचं झालंय’ या वाक्यापेक्षा हे चित्र खरं आहे, आणि त्यावर काम करता येतं.

आणखी एक लक्षात घ्या. तो आदर्श माणूस गल्लीत सहज भेटत नाही. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेनं २०१५ मध्ये त्यांच्या लोकांचं असंच हार्ट एज काढलं, तेव्हा पुरुषांचं सरासरीनं सुमारे आठ वर्षांनी आणि स्त्रियांचं सुमारे पाच वर्षांनी जास्त निघालं होतं. त्यामुळे चार-पाच वर्षं जास्त आली म्हणून घाबरायचं कारण नसतं. तुमची बावीस मात्र त्या हिशोबातही जास्तच आहेत.

आता त्या बावीस वर्षांत कोणाचा वाटा किती, ते पाहू. खरा उपयोग इथे आहे. या सूत्रात प्रत्येक गोष्ट वयाला एका पटीनं गुणते, बेरीज करत नाही. पुरुषांमध्ये सिगारेट वयाला जवळपास १.२४ नं गुणते, मधुमेह साधारण १.२ नं. त्यामुळे तिशीतल्या पोराचं सिगारेटनं हार्ट एज सातच वर्षांनी वाढलेलं दिसतं आणि साठीतल्या माणसाचं चौदा वर्षांनी, सिगारेटी तेवढ्याच असल्या तरी. तुमच्या रिपोर्टमध्ये बाकी काही न बदलता फक्त सिगारेटच्या जागी ‘नाही’ केलं की ६८ चे ५५ होतात. दहा वर्षांचा धोका १८.५ वरून १० टक्क्यांवर येतो. बावीसपैकी तेरा वर्षं एकट्या सिगारेटची. उरलेली नऊ बीपी, कोलेस्टेरॉल आणि कमी HDL यांनी मिळून साधारण सारखी वाटून घेतली आहेत.

तुम्ही सोडलीत की दुसऱ्या दिवशी ५५ झालात, असं मात्र समजू नका. सूत्राकडे दोनच रकाने आहेत, ओढतो आणि ओढत नाही. शरीराला वेळ लागतो. हृदयविकाराचा जास्तीचा धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो आणि बाकीचा पुढच्या काही वर्षांत हळूहळू ओसरतो. ५५ हे पोचायचं ठिकाण आहे. रस्ता तुम्ही शेवटची सिगारेट विझवाल त्या दिवसापासून सुरू होतो.

दुसऱ्या साइटवरचा ६४ चुकीचा नाही. त्या साइटनं कोलेस्टेरॉल विचारलंच नसणार, त्याऐवजी उंची आणि वजन विचारलं असेल. फ्रेमिंगहॅमचंच ते दुसरं रूप आहे, रक्ततपासणी हाताशी नसेल तेव्हासाठी केलेलं. पाच फूट सहा इंच उंचीला ७६ किलो, म्हणजे बीएमआय २७, हे त्यात घातलं की ६४ येतं. तुमचं HDL कमी आहे हे त्याला कळलंच नाही, म्हणून ते चार वर्षांनी सौम्य बोललं. रक्ताचा रिपोर्ट हातात असताना रक्त विचारणारा कॅल्क्युलेटर वापरायचा, आणि पुढच्या वेळी तुलना करायची ती त्याच कॅल्क्युलेटरशी. आज या साइटवर ६८ आणि सहा महिन्यांनी त्या साइटवर ६२ आले, तर त्यात तुम्ही काय मिळवलंत ते कोणालाच सांगता येणार नाही. इंग्लंडच्या साइटवर गेलात तर कोलेस्टेरॉल mmol/L मध्ये मागतात. आपल्या लॅबचा आकडा ३८.६७ नं भागायचा, म्हणजे तुमचे २१४ तिथे ५.५ होतात.

तुमच्या ६८ मधला सगळ्यात कच्चा दुवा बीपीचा आहे. शिबिरात रांगेत उभे होतात, मशीन शॉपमधून चालत आलात, कदाचित बाहेर एक ओढूनही आलात. त्यात कोणीतरी बाहीवरूनच पट्टा गुंडाळून एकदा मोजलं आणि १३८ लिहिलं. तेच त्या दिवशी १५० लागलं असतं तर हार्ट एज ७२ छापून आलं असतं, आणि शांत बसवून मोजताना १२६ आलं असतं तर ६४. एकाच माणसात, एकाच दिवशी, आठ वर्षांचा फरक नुसत्या मोजण्याच्या पद्धतीनं पडतो. म्हणून घरी आठवडाभर मोजा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, सिगारेट नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीला टेकलेले, उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर छातीच्या पातळीत. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी. पहिला दिवस सोडून बाकीच्या आकड्यांची सरासरी काढा आणि ती कॅल्क्युलेटरला द्या.

इथे एका सापळ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यात माझा एक पेशंट अडकला होता. पंचवटीतले निवृत्त शिक्षक, बीपीची गोळी नियमित घेणारे. नातवानं मोबाइलवर हार्ट एज काढून दिलं. ‘बीपीची गोळी चालू आहे का’ या प्रश्नावर ‘हो’ केलं की वय वाढतं आणि ‘नाही’ केलं की कमी होतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं आणि गोळी बंद केली. तीन आठवड्यांनी डोकं जड झालं म्हणून आले, तेव्हा बीपी १७८ होतं. त्यांनी केलेलं निरीक्षण मात्र खरं होतं. तुमचंच उदाहरण घ्या. उद्या गोळी सुरू होऊन तुमचं बीपी १३८ वरून १२० वर आलं, तरी हे सूत्र ६८ च्या जागी ६९ दाखवील. कारण सूत्र बनवताना ‘गोळी चालू’ असलेली माणसं म्हणजे ज्यांचं बीपी आधी बरीच वर्षं चढलेलं होतं अशी माणसं. तो रकाना गोळीचा परिणाम मोजत नाही, तो जुन्या बीपीचा इतिहास मोजतो. गोळीनं पक्षाघात आणि हृदयविकार टळतात हे वेगळ्या चाचण्यांतून पक्कं ठरलेलं आहे. तेव्हा गोळीचा फायदा या कॅल्क्युलेटरवर शोधायला कधीही जाऊ नका.

आणि जे या सूत्रानं विचारलंच नाही, ते तुम्ही मला कळवा. वडिलांना किंवा भावाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला होता का? फ्रेमिंगहॅममध्ये हा प्रश्न नाही. इंग्लंडच्या QRISK3 मध्ये तो आहे, आणि मूत्रपिंडाचा आजार, संधिवात, तुम्ही भारतीय वंशाचे आहात का, हेही आहे. पण ते सूत्र इंग्लंडमधल्या लोकांवर बेतलेलं आहे. तंबाखू-चुना मळता का, हे दोघंही विचारत नाहीत. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. बायका मिश्री लावतात, पुरुष सिगारेट सोडून तंबाखूवर येतात आणि कॅल्क्युलेटरला प्रामाणिकपणे ‘धूम्रपान नाही’ सांगतात. आकडा खाली येतो, धोका तितका उतरत नाही. सिगारेट सोडून तंबाखू धरलीत तर ते ५५ तुमचं नाही. शिवाय फ्रेमिंगहॅमचे लोक जवळपास सगळे गोरे होते. २००४ मध्ये बावन्न देशांतल्या हृदयविकाराच्या रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरीनं ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या देशांत सुमारे ५९ व्या. त्यामुळे आपल्या माणसाचा आकडा चांगला आला तरी मी सैल सोडत नाही.

अँजिओग्राफीचं. हार्ट एजच्या आकड्यावरून अँजिओग्राफी करायची नसते. ६८ मध्ये ब्लॉकेजबद्दल एक अक्षरही नाही. हा आकडा सांगतो की धोक्याची कारणं कमी करायला लागा आणि कोलेस्टेरॉलची गोळी लागेल का हे डॉक्टरांशी बोला. तुमच्या १८.५ टक्क्यांवर ते बोलणं व्हायलाच हवं. पण पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना छातीत आवळल्यासारखं होतं, थांबलं की जातं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येते, असं काही असेल तर हा सगळा लेख बाजूला ठेवून उद्याच हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. ती तपासणी लक्षणांवरून ठरते, आणि लक्षणं असलेल्या माणसासाठी हे कॅल्क्युलेटर बनवलेलेच नाहीत. बसल्या जागी छातीत दाब आला, दरदरून घाम फुटला, तर उद्याचीही वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सी गाठायची.

आता लंग एज. त्याचं सूत्र इतकं छोटं आहे की तुम्हाला इथेच देतो. १९८५ मध्ये मॉरिस आणि टेंपल या दोघांनी ते मांडलं, आणि सिगारेट ओढणाऱ्याला सोडायला उद्युक्त करावं हाच त्यामागचा उघड हेतू होता. पुरुषांसाठी:

```
2.870 × उंची (इंच) − 31.250 × FEV1 (लिटर) − 39.375
```

FEV1 म्हणजे छाती पूर्ण भरून जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा. तुमची उंची ६६ इंच, हवा २.६० लिटर. करून पाहा, ६८.८ येतं, तेच मशीननं ६९ छापलं. सूत्रात उंची आणि हवा एवढंच आहे, आणि स्त्रियांसाठी आकडे वेगळे. पंचविशीनंतर ही हवा दरवर्षी थोडी कमी होत जाते, या सूत्राच्या हिशोबात पुरुषाची ३२ मिलिलिटर. म्हणजे १०० मिलिलिटर कमी फुंकलं की तीन वर्षं वाढली. हे प्रमाण डोक्यात ठेवलंत की पुढचं सगळं आपोआप उलगडेल.

चांगल्या फुंकरी कशा ओळखायच्या? नियम असा आहे की किमान तीन नीट फुंकरी हव्यात आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन १५० मिलिलिटरच्या आत जुळायला हव्यात. १५० मिलिलिटर म्हणजे पावणेपाच वर्षं! नियमात बसणाऱ्या चाचणीतही लंग एज एवढं हलतं. शिबिरात त्याहून बरंच हलतं. मी अशी शिबिरं पाहिली आहेत जिथे तासाभरात चाळीस कामगार उरकले. नाकाला चिमटा नाही, माणूस उभ्याउभ्या अर्धा श्वास घेतो, गाल फुगवून पुंगी वाजवल्यासारखं फुंकतो, दोन सेकंदांत खोकला येतो आणि पुढच्याला नळी मिळते. नीट चाचणीत तुम्हाला बसवतात, नाक बंद करतात, ओठ नळीभोवती घट्ट आवळायला लावतात. आता आणखी जागा नाही असं वाटेपर्यंत छाती भरायची, क्षणभरही न थांबता एकदम झटक्यानं हवा सोडायची. मग टेक्निशियन शेजारी उभा राहून ‘सोडा, सोडा, सोडत राहा’ ओरडत असतो आणि तुम्ही सहा-एक सेकंद, चेहरा लाल होईपर्यंत सोडत राहता. तुमच्या रिपोर्टवर एकाच फुंकरीचा आलेख आहे आणि तो दोन सेकंदांवरच तुटलाय. त्या ६९ वर मी सही करणार नाही.

समजा ती फुंकर खरी होती. तरी आणखी एक अडचण उरते, आणि भारतीय माणसासाठी ती सगळ्यात मोठी आहे. हे सूत्र अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या, धूम्रपान न करणाऱ्या गोऱ्या लोकांच्या फुंकरींवरून आलं आहे. त्याच उंचीच्या आणि वयाच्या निरोगी भारतीयाची हवा साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी भरते. सूत्राच्या मते ४६ वर्षांच्या, ६६ इंची माणसाची हवा ३.३३ लिटर हवी. तुमच्याच वयाचा आणि उंचीचा, जन्मात सिगारेट न ओढलेला नाशिककर बसवला आणि त्यानं दहा टक्के कमी, म्हणजे ३ लिटर फुंकली, तर त्याचंही लंग एज ५६ येतं. तो पूर्ण निरोगी आहे. म्हणजे तुमच्या तेवीस जास्तीच्या वर्षांतली दहा तरी सिगारेटच्या खात्यावर टाकता येत नाहीत. त्यात निरोगी माणसांतही कोणाची छाती मोठी, कोणाची लहान असते. अर्धा लिटर इकडेतिकडे होणं सर्रास चालतं आणि अर्धा लिटर म्हणजे पंधरा वर्षं.

म्हणून मी लंग एजच्या आधी रिपोर्टवरच्या दुसऱ्या दोन जागा पाहतो. एक, FEV1 भागिले FVC. FVC म्हणजे त्या फुंकरीत शेवटपर्यंत निघालेली एकूण हवा. तुमची ३.४० आहे, म्हणजे ७६ टक्के हवा पहिल्याच सेकंदात बाहेर आली. श्वासनळ्या आकसल्या असतील तर हवा अडखळत येते आणि हे प्रमाण घसरतं. नळ्या मोकळ्या करणारं औषध ओढून घेतल्यावरही ते ७० टक्क्यांच्या खाली राहिलं, तर सीओपीडी म्हणतात. तुमचे ७६ दिसायला ठीक आहेत, पण मी समाधानी नाही. फुंकर दोन सेकंदांवर तुटली तर एकूण हवा खोटी कमी दिसते आणि प्रमाण खोटं चांगलं. आलेखाची रेष वर जाऊन सपाट झालेली दिसली तरच त्या ७६ वर विश्वास. दुसरी जागा म्हणजे मशीनमध्ये तुलनेसाठी कोणत्या लोकांचं प्रमाण लावलं होतं. ते भारतीय आहे की नाही हे रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं असतं. तुमच्यावर ‘कॉकेशियन’, म्हणजे गोऱ्या लोकांचं, आहे.

तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन पीएफटी, म्हणजे हीच फुंकरीची चाचणी, पुन्हा करा. औषधाआधी आणि औषधानंतर, दोन्ही, भारतीय प्रमाण लावून. आधी निदान तासभर सिगारेट नको. सकाळी खोकून कफ पडतो का, कारखान्यात ग्राइंडिंगची किंवा वेल्डिंगची धूळ-धूर किती, हेही त्यांना सांगा. लंग एजला हेही ठाऊक नाही. दिंडोरीकडच्या ज्या बायकांनी तीस वर्षं चुलीपुढे बसून भाकरी भाजल्या, त्यांची हवा सिगारेट न ओढताही कमी भरते. मोबाइलवर श्वास रोखून धरायला लावून ‘लंग एज’ सांगणारे खेळ असतात, त्यांचा या चाचणीशी काही संबंध नाही.

सिगारेट सोडल्यावर लंग एज खाली येईल का, याचं खरं उत्तर आहे: फारसं नाही. हे मी आधीच सांगतो, कारण सोडणारे लोक सहा महिन्यांनी पुन्हा फुंकून पाहतात, आकडा तोच दिसतो आणि ‘मग उपयोग काय’ म्हणून पुन्हा पेटवतात. गेलेली हवा परत येत नाही, पहिल्या वर्षी थोडीशी सुधारते इतकंच. बदलतो तो उतार. ओढत राहणाऱ्या पुरुषाची हवा वर्षाला ६० मिलिलिटरच्या आसपास कमी होते, सोडलेल्याची ३० च्या आसपास. तुमचे २.६० खरे धरून दहा वर्षं पुढे जाऊ. ओढत राहिलात तर ५६ व्या वर्षी २ लिटर, लंग एज ८७-८८. आज सोडलीत तर २.३० लिटर, लंग एज ७८. आज अंतर तेवीस वर्षांचं आहे. सोडलीत तर ते बावीस-तेवीसवरच थांबतं, नाही सोडलीत तर बत्तीसच्या घरात जातं. अंतर वाढलं नाही, हेच इथलं यश. वहिनींना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा, त्यांना ६९ पेक्षा यातून जास्त धीर येईल.

हा आकडा इतका डळमळीत असूनही तो माणसाला सांगावा, असं मला वाटतं. इंग्लंडमध्ये पस्तिशीच्या पुढच्या ५६१ धूम्रपान करणाऱ्यांवर एक चाचणी झाली, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली. सगळ्यांची फुंकर मोजली, पण निम्म्यांना त्यांचं लंग एज समजावून सांगितलं आणि निम्म्यांना नुसता आकडा दिला. वर्षभरानंतर समजावून सांगितलेल्यांपैकी १३.६ टक्क्यांनी सिगारेट सोडलेली होती, बाकीच्यांपैकी ६.४ टक्क्यांनी. आणि ज्यांचं लंग एज चांगलं निघालं, त्यांनीही तितक्याच प्रमाणात सोडली. वाईट आकड्याची भीती कामाला आली नाही. कोणीतरी बसून समजावलं, ते कामाला आलं. तुमच्या मदतीला १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट. सोडायची तारीख ठरवून मग फोन करा, आणि निकोटीनच्या गोळ्या-च्युइंग गमबद्दल डॉक्टरांना विचारा. दिवसाला आठ-दहा ओढणाऱ्याला त्यांचा आधार होतो.

मुलीनं सध्या काहीच काढू नये. फ्रेमिंगहॅमचं सूत्र तीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या माणसांवरून बनलंय, विशीतल्या मुलीला ते जे सांगेल त्याला आधार नाही. आणि फुंकरीचं सूत्र तर तिला उगाच घाबरवेल. पाच फूट दोन इंचाच्या निरोगी मुलीनं छान २.७ लिटर हवा सोडली, तरी स्त्रियांच्या सूत्रानं तिचं लंग एज ३५ येतं. तिनं सध्या तुमचा आठवडाभराचा बीपीचा तक्ता लिहून ठेवावा. तो आणि नव्या पीएफटीचा आलेख मला पाठवा, तेव्हा तुमचे दोन्ही आकडे पुन्हा मांडू.